डूमस्क्रोलिंग : एक शब्द, तीन सवयी आणि झोप

2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्क शहरात कोविडने रोज शेकडो माणसे दगावत होती आणि उरलेले शहर घरात बसून फोनवर तेच आकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. ‘क्वार्ट्झ’ या वृत्तसंकेतस्थळाच्या पत्रकार कॅरन हो त्या दिवसांत रात्री उशिरा ट्विटरवर वाचकांना एक आठवण करून देऊ लागल्या : डूमस्क्रोलिंग आता पुरे, फोन ठेवा आणि झोपा. हा शब्द त्यांनी घडवलेला नव्हता. 2018 च्या सुमारास तो ट्विटरवर तुरळक दिसत होता. पण घराघरांत पोचला तो या रात्रीच्या आठवणींमुळे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले, ऑक्सफर्डने 2020 च्या शब्दांच्या अहवालात त्याची नोंद घेतली आणि 2023 मध्ये मेरियम-वेबस्टरने त्याला आपल्या कोशात रीतसर जागा दिली.

या जन्मकथेतली एक गोष्ट पुढच्या चर्चेत हरवून गेली, म्हणून ती इथे आधीच नोंदवतो. हा शब्द लोकांच्या तोंडी आला तोच झोपेच्या वेळी. दिवसभर बातम्या पाहणाऱ्याला कोणी तो लावत नव्हते. दिवे मालवलेत, अंथरुणावर पडलोय, उद्या काम आहे, वाईट बातमी वाचून आपल्या हातून काहीच होणार नाही हेही कळतेय आणि तरी अंगठा थांबत नाही, अशा अवस्थेचे ते नाव होते. त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या : मजकूर वाईट बातमीचा, तो वाचून मन खाली जाणे आणि तरीही न थांबणे. यातली एक जरी वगळली तरी अर्थ बदलतो.

आणि तो बदललाच. आज पुण्यातल्या एखाद्या पालक-सभेत हा शब्द ऐकू येतो तेव्हा बहुधा बोलणे चाललेले असते रात्री एकपर्यंत रील्स पाहणाऱ्या मुलाविषयी. त्या रील्समध्ये क्रिकेट असते, विनोद असतात, नाच असतो, वाईट बातमी नावालाही नसते. डॉक्टर हाच शब्द निद्रानाशाच्या रुग्णाबद्दल वापरतात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तो मोबाइलच्या कोणत्याही अतिवापराला चिकटवला जातो. भाषेत शब्द असे पसरतात, त्याबद्दल तक्रार करून उपयोग नसतो. पण झोपेच्या बाबतीत या पसरण्याची किंमत मोजावी लागते. एका नावाखाली तीन वेगळ्या सवयी आल्या आहेत, प्रत्येक सवय वेगळ्या वाटेने झोप नेते आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. या पुस्तकातले लेख गोळा करताना माझ्यासमोर सतत हीच अडचण होती आणि पुस्तकाचा उद्देशही त्यातूनच ठरला.

वाईट बातमीकडे माणसाची नजर आधी जाते, हे फोन येण्यापूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीचा अभ्यास सुरू केला. फार वेळ टीव्ही पाहणाऱ्यांना बाहेरचे जग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचे वाटते, असे त्यांनी मांडले. माध्यमांकडून सुरुवात करणारी विचारांची पहिली परंपरा इथून येते. त्या परंपरेचा अलीकडचा एक भक्कम पुरावा 2023 मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेविअर’ या नियतकालिकात आला. ‘अपवर्दी’ या अमेरिकी संकेतस्थळाने एकाच बातमीचे अनेक मथळे वाचकांवर करून पाहिले होते. असे लाखभर मथळे संशोधकांनी तपासले, तेव्हा सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की त्यावर क्लिक होण्याचे प्रमाण 2.3 टक्क्यांनी वाढते असे दिसले. आकडा लहान वाटतो. पण तो एका मथळ्याचा आहे. रोज शेकडो मथळे दाखवणारी आणि ज्यावर बोट पडेल तेच पुढे सरकवणारी यंत्रणा त्या लहान फरकाचे काय करत असेल, याचा अंदाज करता येतो.

मात्र वाईट बातमीची ओढ जुनी असली तरी पूर्वी बातम्या संपत असत. पुणे आकाशवाणीच्या सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या दहा मिनिटांत आटोपत आणि घर कामाला लागे. वर्तमानपत्राला शेवटचे पान होते. फोनवरचे ते शेवटचे पान कोणी काढले, याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके देता येते. 2006 मध्ये आझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने ‘अनंत स्क्रोल’ ही रचना तयार केली. तोवर संकेतस्थळावर पानाच्या तळाशी ‘पुढे’ असे बटण असे आणि ते दाबताना माणूस क्षणभर थांबत असे. रास्किन यांच्या रचनेत तळ जवळ आला की पुढचा मजकूर आपोआप येतो, त्यामुळे तो थांबण्याचा क्षणच उरत नाही. हेतू वाचकाची सोय करण्याचा होता, पण पुढे रास्किन यांनी या रचनेबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आज बातम्या असोत की रील्स, दोन्ही याच रचनेवर चालतात. डूमस्क्रोलिंग या शब्दातला ‘डूम’ मजकुराकडून येतो आणि ‘स्क्रोलिंग’ या यंत्रणेकडून, म्हणूनच त्याचा अर्थ कधी इकडे तर कधी तिकडे झुकतो.

दुसरी परंपरा मानसशास्त्रज्ञांची. त्यांना प्रश्न पडला की ही फक्त बोलण्यातली गंमत आहे की मोजता येईल अशी सवय? फ्लोरिडा विद्यापीठातल्या भक्ती शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये डूमस्क्रोलिंग मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांची व्याख्या काटेकोर आहे : समाजमाध्यमांच्या फीडवर ताज्या नकारात्मक माहितीसाठी सवयीने आणि भान हरपून शोध घेत राहणे. या व्याख्येत क्रिकेटच्या रील्स बसत नाहीत. त्याच वर्षी टेक्सास टेक विद्यापीठातल्या ब्रायन मॅकलॉफलिन यांच्या गटाने सुमारे अकराशे अमेरिकी प्रौढांची पाहणी केली. त्यांनी ‘समस्याग्रस्त बातमी-सेवन’ असा व्यापक शब्द घेतला, कारण बातमी टीव्हीवरूनही घेता येते. त्यांच्या पाहणीत 16.5 टक्के लोकांमध्ये ही सवय तीव्र स्वरूपात आढळली : बातम्यांत बुडून जाणे, दिवसभर त्याच विचारात असणे, चिंता कमी करण्यासाठी पुन्हा बातम्यांकडेच वळणे आणि त्यापायी रोजच्या व्यवहारात अडथळा येणे.

या अभ्यासांचे मोल आहे, पण मर्यादाही मोठी आहे. एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावलीतून हे कळत नाही की आधी चिंता होती की आधी फोन. म्हणून 2021 च्या एका प्रयोगाचे महत्त्व वाटते. त्यात लोकांना कोविडविषयीच्या बातम्या समाजमाध्यमावर अवघी दोन ते चार मिनिटे दाखवल्या. तेवढ्यानेही त्यांचा मूड आणि उमेद, दोन्ही उतरले. त्याच कोविडविषयी, पण माणसांनी एकमेकांशी दाखवलेल्या चांगुलपणाच्या गोष्टी ज्यांना दाखवल्या, त्यांच्यात ही घसरण दिसली नाही. फोन तोच, वेळ तेवढाच, विषयही एकच. फरक पडला तो मजकुरामुळे. हा प्रयोग झोपेवर नव्हता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

तिसरी परंपरा निद्राशास्त्राची आणि सर्वसामान्य वाचकाच्या मनात सर्वांत पक्की बसलेली समजूत तिथूनच आली आहे : फोनचा निळा प्रकाश झोप उडवतो. या समजुतीमागे खरे विज्ञान आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहण्याचे काम गौणच करतात. बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणे हे त्यांचे मुख्य काम. त्यांचा शोध 2002 च्या सुमारास लागला. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तो पडला की रात्रीचे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते. प्रश्न एवढाच, की हाताच्या अंतरावरच्या फोनमधून येणारा प्रकाश यासाठी किती पुरतो?

याबाबतचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातल्या ॲन-मरी चँग, चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा निरोगी तरुण जवळजवळ दोन आठवडे प्रयोगशाळेत राहिले. सलग पाच रात्री त्यांनी झोपण्यापूर्वी चार तास टॅबलेटवर पुस्तक वाचले आणि दुसऱ्या पाच रात्री तेवढाच वेळ छापील पुस्तक वाचले. टॅबलेटच्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले आणि शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे सरकले. ऐकताना हे भयंकर वाटते. पण झोप लागायला किती उशीर झाला? सरासरी दहा मिनिटे. तेही खोलीत मंद उजेड, टॅबलेटची चमक पूर्ण आणि सलग चार तास वाचन, अशा परिस्थितीत. 2021 मध्ये अमेरिकेतल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 167 तरुणांवर फोनमधल्या ‘नाइट शिफ्ट’ सोयीची चाचणी घेतली. पडदा पिवळसर करून फोन वापरणारे आणि नेहमीसारखा वापरणारे यांच्या झोपेत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे निळा प्रकाश निर्दोष आहे असे नाही, पण ज्याची रात्री दीड-दोन तासांची झोप जाते आहे, त्याची ती बहुतांशी दुसरीकडूनच जाते आहे. पडदा पिवळा करून निर्धास्तपणे तासभर बातम्या चाळणारी माणसे मी पाहतो, तेव्हा या एका अपुऱ्या समजुतीने किती नुकसान केले आहे ते जाणवते.

प्रकाश बाजूला ठेवला की दोन वाटा उरतात आणि निद्राशास्त्रातला आजचा खरा वाद त्या दोहोंमध्ये आहे. पहिली वाट उत्तेजनाची. भीती, राग, काळजी यांनी मन आणि शरीर जागे राहते, फोन ठेवला तरी विचारांचे चक्र चालू राहते. डूमस्क्रोलिंगच्या मूळ अर्थाशी ही वाट जुळते. दुसरी वाट जागा बळकावण्याची : फोन झोपेचा वेळच खाऊन टाकतो, मग मजकूर काही का असेना. बेल्जियममधल्या लीसे एक्सेलमन्स आणि यान फान डेन बुल्क यांनी या संदर्भात एक उपयोगी भेद केला. पूर्वी अंथरुणावर पडणे आणि डोळे मिटणे या जवळजवळ एकच गोष्टी होत्या. आता त्या दोन वेगळ्या घटना झाल्या आहेत आणि मधल्या पोकळीत फोन येऊन बसला आहे. नेदरलँड्समध्ये फ्लूर क्रूस यांनी 2014 मध्ये कोणतेही बाहेरचे कारण नसताना झोपायला जाणे लांबवण्याच्या सवयीचा अभ्यास मांडला. चिनी तरुणांनी तिला ‘सूड म्हणून जागणे’ असे नाव दिले, कारण दिवस नोकरीने घेतला तर निदान रात्र तरी आपली, अशी त्यामागची भावना असते.

2025 मध्ये नॉर्वेतून आलेल्या एका मोठ्या पाहणीने दुसऱ्या वाटेचे पारडे जड केले. उच्च शिक्षण घेणाऱ्या 45,202 विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून असे दिसले की अंथरुणावर गेल्यावर पडद्यासमोरचा प्रत्येक तास निद्रानाशाच्या लक्षणांची शक्यता 59 टक्क्यांनी वाढवणारा आणि झोप सरासरी 24 मिनिटांनी घटवणारा होता. समाजमाध्यमे पाहा, सिनेमा पाहा, खेळा किंवा अभ्यासाचे वाचा, वाढणाऱ्या तासाचा परिणाम जवळपास सारखाच होता. हे वाचून काही जणांनी ‘डूम’चा मुद्दाच निकालात निघाला असे म्हटले. मला ते घाईचे वाटते. ती विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या सवयींची एकवेळची पाहणी होती, त्यात वाईट बातमी वेगळी मोजलेली नव्हती. शिवाय 2024 मध्ये सेरेना बौडुक्को, मायकेल ग्रॅडिसार आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे संबंध उलटाही असतो : झोप येत नाही म्हणूनही माणूस फोन उचलतो. ही तिसरी शक्यता आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही.

या तिन्ही वाटा वेगळ्या ओळखायच्या कशा, हे एका नमुन्यावरून पाहू. नमुना कल्पित आहे, पण त्यातले प्रत्येक वळण नेहमी भेटणारे आहे. काळ एप्रिल 2021, महाराष्ट्रात दुसरी लाट जोरात. न्यू जर्सीत एक मराठी कुटुंब राहते. चाळिशीतली आई, तिचे स्वतःचे आईवडील नाशिकला. सोळा वर्षांचा मुलगा. आणि त्यांच्याकडेच राहणारे सत्तरीतले सासरे. आईची रात्री अकराची वेळ म्हणजे नाशिकची सकाळ साडेआठ. ती झोपायला जाते नेमकी तेव्हा तिकडून ऑक्सिजन, खाटा आणि रेमडेसिव्हिरच्या बातम्या सुरू होतात. परदेशातल्या हजारो मराठी घरांत त्या महिन्यांत घड्याळाचा हाच पेच होता.

आई अकराला अंथरुणावर पडते. बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत फोनवर असते, मग तो ठेवते आणि कुशी बदलत राहते. एक वाजून दहा मिनिटांनी तिला झोप लागते, साडेसहाला उठते. मुलगाही अकराला पडतो, एक वाजेपर्यंत रील्स पाहतो, फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत गाढ झोपतो आणि साडेसहाला त्याला हलवून उठवावे लागते. सासरे दहाला दिवा मालवतात. झोप येत नाही. दहा पन्नासला कंटाळून फोन घेतात, सव्वाबाराला ठेवतात, साडेबाराला त्यांचा डोळा लागतो आणि पाच पन्नासला आपोआप जाग येते. तिघांचीही झोप पाच तास वीस मिनिटे होते. आकडा मुद्दामच सारखा ठेवला आहे. सकाळी तिघेही थकलेले असतात आणि तिघांबद्दलही घरात एकच वाक्य बोलले जाते की डूमस्क्रोलिंग फार वाढले आहे.

आता नुसत्या वेळा पाहा. आईची फोनवर ऐंशी मिनिटे गेली, पण फोन ठेवल्यानंतरही पन्नास मिनिटे गेली. ही पन्नास मिनिटे उत्तेजनाची खूण आहे. तिचा फोन साडेअकराला काढून घेतला तरी ती पन्नास मिनिटे जातीलच, कदाचित वाढतील, कारण नाशिकचे काही कळत नाही ही टोचणी वर आणखी. तिला उपयोगी पडते ते बातमीची वेळ पुढे ओढणे : संध्याकाळी साडेआठला, म्हणजे नाशिकला सकाळी सहाला उठणाऱ्या भावाशी ठरलेले बोलणे, काही गंभीर घडले तर रात्री कधीही फोन करीन असा त्याचा शब्द, त्याच्या एकट्याच्या फोनची घंटी चालू ठेवून बाकी सगळी नोटिफिकेशन्स बंद आणि उद्या काय करायचे याची दोन ओळींची नोंद कागदावर. चिंता नाहीशी होत नाही, पण ती अंथरुणाच्या बाहेर, संध्याकाळच्या हद्दीत राहते.

मुलाचे तसे नाही. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत झोपणाऱ्याच्या मनात काही खदखदत नाही. त्याचे दोन तास सरळ सरळ बळकावले गेले आहेत. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते, त्यामुळे अकराला त्याला झोप येत नाही हेही खरे. त्याला बातम्या सोडण्याचा उपदेश करणे निरर्थक आहे, कारण तो बातम्या पाहतच नाही. त्याला हवा आहे तो काढून घेतलेला शेवट : रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला आणि गजरासाठी साधे घड्याळ. ॲपमधली वेळमर्यादा उपयोगी पडते, पण ‘आणखी पंधरा मिनिटे’ हे बटण एका बोटाच्या अंतरावर असते, तेव्हा तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

सासऱ्यांच्या बाबतीत फोन हा आजार नाहीच, तो आजारावर त्यांनी शोधलेला विरंगुळा आहे. दहा ते दहा पन्नास ही फोनपूर्वीची पन्नास मिनिटे सगळे सांगून जातात. साडेसात-आठ तास अंथरुणावर काढून झोप पाचच तास होत असेल, तर आधी दहाऐवजी साडेअकराला झोपायला जाणे, झोप न आल्यास वीसेक मिनिटांनी उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसणे आणि डोळे जड झाले की मगच परतणे, हा मार्ग आहे. यातली झोप न आल्यास उठून बसण्याची पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडली, ती आज निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराचा एक खांब आहे आणि 2016 पासून अमेरिकी वैद्यांची एक मोठी संस्था प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच वर्तनोपचार सुचवते. सासऱ्यांचा फोन काढून घेतला, तर ते अंधारात छताकडे पाहत पडून राहतील, झोप येणार नाही.

वेळांवरून वाट ओळखण्याच्या या पद्धतीतही चूक होऊ शकते. झोप कधी लागली हे कोणालाच नेमके कळत नाही आणि निद्रानाशाचे रुग्ण जागरणाचा काळ प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतात. फोन कधी ठेवला याची आठवणही बहुधा कमीच भरते, तिथे फोनमधल्याच वापराच्या नोंदीचा आधार घ्यावा. आणि एकाच माणसात दोन वाटा मिसळलेल्या असू शकतात. पण ढोबळ विभागणी करायला सात रात्रींच्या नोंदी सहसा पुरतात.

दुसऱ्या लाटेचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या दिवसांत रात्रभर ट्विटर आणि व्हॉट्सॲप चाळणारे अनेक जण डूमस्क्रोलिंग करत नव्हते. ते खाट शोधत होते, सिलिंडर कुठे मिळेल ते शोधत होते, एकमेकांचे क्रमांक पडताळत होते. पुढच्या ओळीत जे सापडेल त्यावर त्यांचे पुढचे पाऊल ठरत होते. त्यांनाही जागरण झाले, पण ते काम होते. पडद्यावरचे वाचून आपण पुढच्या तासात काही वेगळे करणार आहोत का, हा प्रश्न डूमस्क्रोलिंगला कामापासून वेगळे काढतो. कोणाही जागणाऱ्या माणसावर हे नाव लावण्यापूर्वी तो विचारायला हवा.

हे सगळे आत्ताच मराठीत मांडावेसे का वाटले, त्याचे कारण 2025 च्या मे महिन्यात आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या संघर्षाच्या त्या चार दिवसांत 8 मेच्या रात्री देशातली कोट्यवधी घरे जागी होती. काही वृत्तवाहिन्यांनी त्या रात्री कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या बातम्या चालवल्या आणि त्या खोट्या निघाल्या. जुन्या आणि दुसऱ्याच युद्धांतल्या चित्रफिती फोनांवरून फिरत होत्या. मध्यरात्री जागून पाहणाऱ्याच्या हाती सर्वांत कच्ची माहिती पडली आणि सकाळी आठला उठणाऱ्याला तीच बातमी बरीच गाळून मिळाली. ‘मला माहिती ठेवायला हवी’ हे रात्री जागण्याचे सर्वांत प्रामाणिक कारण असते आणि मी त्याची टर उडवणार नाही. पण त्या रात्रीने दाखवून दिले की मध्यरात्रीचा वाचक जास्त जाणत नाही.

एक आक्षेप या शब्दावरच घेतला जातो आणि तो मला बराचसा मान्य आहे. डूमस्क्रोलिंग म्हटले की दोष स्क्रोल करणाऱ्याच्या अंगठ्यावर जातो. शेवटचे पान काढून टाकणारी रचना, भडक मथळ्याला पुढे ढकलणारे अल्गोरिदम, रात्री अकराला कामाचा संदेश पाठवणारा वरिष्ठ, हे सगळे त्या शब्दाच्या बाहेर राहतात. म्हणून या पुस्तकात माध्यमांवर आणि रचनेवर लिहिणाऱ्यांना डॉक्टरांइतकीच जागा दिली आहे. त्यांचे आपसात एकमत नाही. निळ्या प्रकाशाला किती महत्त्व द्यायचे, मजकूर मोजायचा की मिनिटे, याबद्दल दोन लेख एकमेकांच्या थेट विरोधात जातात आणि संपादनात मी ते तसेच राहू दिले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने बसवलेल्या तज्ज्ञांच्या गटाने 2024 मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात मुले आणि किशोरवयीन यांच्या झोपेला पडद्याने हानी होते, झोपेपूर्वीचा मजकूरही त्यास कारण होतो, यावर एकमत झाले, पण प्रौढांबाबत तसे एकमत होऊ शकले नाही. जिथे शास्त्रच थांबले आहे तिथे पुस्तकाने पुढे पळू नये.

डूमस्क्रोलिंग हे कोणत्याही वैद्यकीय सूचीतले निदान नाही. हे पुस्तकही उपचार नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोपेची तक्रार असेल, ती तीन महिन्यांहून जास्त टिकली असेल आणि दिवसा तिचा त्रास होत असेल, तर तो जुनाट निद्रानाश समजला जातो आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जायला हवे. बाकीच्या वाचकांना एक विनंती आहे. पहिला लेख उघडण्यापूर्वी सात रात्री एका वहीत चार गोष्टींची वेळ लिहा : अंथरुणावर कधी पडलात, फोन कधी उचलला, कधी ठेवला आणि अंदाजे झोप कधी लागली. त्या नोंदी जवळ ठेवून वाचलेत, तर यातला कोणता लेख तुमच्यासाठी आहे ते तुम्हालाच कळेल आणि उरलेले नंतर सवडीने वाचता येतील.